मुख्याध्यापकांचे निकालनिवेदन : टक्केवारीच्या आतली मुले

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापक जे भाषण करतात, त्याला निकालनिवेदन म्हणतात. निकाल अलीकडे मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी लागतो. शाळा उघडल्या की जूनअखेर किंवा जुलैत सभा होते, आणि समोर बसलेल्यांत बहुसंख्य पालक नव्या दहावीच्या मुलांचे असतात. गेल्या वर्षीची मुले अकरावीच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशासाठी निघून गेलेली असतात. त्यामुळे हे निवेदन मागच्या तुकडीबद्दल असले, तरी ते ऐकणाऱ्याला पुढच्या तुकडीसाठी हवे असते. शाळेचा निकाल किती लागला, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घसरला, आणि कोणत्या विषयात मुले मागे पडतात, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळायला हवीत. प्रत्यक्षात बहुतेक सभांत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते, पहिल्या पाच क्रमांकांचा सत्कार होतो आणि सभा चहापानाकडे वळते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेच्या दप्तरात असतात, पण ती काढावी लागतात. ती कशी काढतात हे एका शाळेच्या उदाहरणावरून नीट दिसते.

उदाहरणाची शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची, दहावीच्या दोन तुकड्या असलेली आहे. पुढे येणारे शाळेचे आकडे समजुतीसाठी बांधलेले आहेत. राज्याचे आकडे मात्र महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने जाहीर केलेले आहेत.

टक्केवारी कोणाची

या शाळेतून गेल्या वर्षी ८२ मुले परीक्षेला बसली आणि ७१ उत्तीर्ण झाली, म्हणजे निकाल ८६.६ टक्के. यंदा ७५ बसली, ६८ उत्तीर्ण झाली आणि निकाल ९०.७ टक्के लागला. फलकावर लिहायला हे पुरेसे आहे. चार टक्क्यांची वाढ, आणि नापासांची संख्या ११ वरून ७ वर आलेली.

मंडळाची टक्केवारी परीक्षेला प्रविष्ट झालेल्या, म्हणजे प्रत्यक्ष बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते. नोंदणी झालेली पण परीक्षेला न आलेली मुले तिच्या बाहेर राहतात. नियमित विद्यार्थी, पुनर्परीक्षार्थी आणि खाजगीरीत्या बसलेले यांचे निकालही मंडळ वेगवेगळे देते, आणि शाळेचा म्हणून जो निकाल सांगितला जातो तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो. ही पद्धत मंडळाच्या कामासाठी योग्यच आहे, कारण न बसलेल्या मुलाची उत्तरपत्रिका तपासता येत नाही. शाळेचे काम मात्र परीक्षेच्या खोलीत सुरू होत नाही. ते निदान नववीच्या हजेरीपटापासून मोजायला हवे.

उदाहरणाच्या शाळेत गेल्या वर्षीच्या तुकडीत नववीला ८८ मुले होती. त्यांतली २ पालकांच्या बदलीमुळे दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, २ नववीतच नापास होऊन मागे राहिली. दहावीला नोंदणी ८४ जणांची झाली आणि २ परीक्षेला आली नाहीत. यंदाच्या तुकडीत नववीला ९२ मुले होती. त्यांतली ५ दाखला घेऊन गेली, ६ नववीत मागे ठेवली गेली, आणि ३ शाळेतूनच गळाली. नोंदणी ७८ जणांची झाली, ३ परीक्षेला आली नाहीत.

दुसऱ्या शाळेत गेलेली मुले हिशेबातून वगळणे रास्त आहे, कारण त्यांचा निकाल तिकडे मोजला जाईल. ती वगळली की गेल्या वर्षी शाळेच्या वाट्याला ८६ मुले होती आणि त्यांतली ७१ वेळेवर दहावी उत्तीर्ण झाली. हे प्रमाण ८२.६ टक्के. यंदा वाट्याला ८७ मुले होती आणि ६८ उत्तीर्ण झाली. हे प्रमाण ७८.२ टक्के. निकाल चार टक्क्यांनी वाढला आणि त्याच वर्षी नववीत बसलेल्या मुलांपैकी दहावी पार करणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक घटले. दोन्ही आकडे खरे आहेत. एक परीक्षेचा आहे, दुसरा शाळेचा.

नापास होतील अशी मुले दहावीच्या उंबरठ्यावर थोपवली की निकाल चढतो, ही गोष्ट शिक्षण क्षेत्रातल्या कोणाला नवी नाही. कधी ते नववीच्या परीक्षेत होते, कधी मुलाने शाळेतून न बसता सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसावे असे सुचवले जाते. प्रत्येक वेळी त्यामागे हेतू असतोच असे नाही. यंदाच्या सहा मुलांना नववीत खरोखर काही येत नसेल, तर त्यांना पुढे ढकलणे हाही त्यांच्यावर अन्यायच ठरला असता. पण म्हणूनच हा आकडा सभेत सांगायला हवा. शंभर टक्के निकालाची परंपरा सांगणाऱ्या शाळेला पालकाने विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे की, नववीच्या पटावर किती मुले होती. उत्तर द्यायला पटनोंदणीचे रजिस्टर उघडावे लागते, आणि त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

एका मुलाचे वजन आणि एका नियमाचे वजन

पंचाहत्तर मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे १.३३ टक्के. एखाद्या पेपरच्या सकाळी कोणा मुलाला ताप भरला, एखाद्याच्या घरी दुःखद घटना घडली, तर शाळेचा निकाल तेवढ्याने खाली येतो. राज्याचा निकाल २०२४ मध्ये ९५.८१ टक्के होता, २०२५ मध्ये तो ९४.१० टक्के लागला. ही १.७१ टक्क्यांची घट साडेपंधरा लाखांच्या आसपास नियमित विद्यार्थ्यांवर पसरलेली आहे, म्हणजे तिच्यामागे सुमारे सव्वीस हजार मुले आहेत. उदाहरणाच्या शाळेत तेवढीच घट म्हणजे जेमतेम एक मूल. राज्याच्या पातळीवर जो बदल बातमी ठरतो, तोच शाळेच्या पातळीवर योगायोग असू शकतो. वीस-बावीस मुलांची तुकडी असलेल्या खेड्यातल्या शाळेत तर एका मुलाने निकाल पाच टक्क्यांनी हलतो. म्हणून लहान शाळेच्या मुख्याध्यापकांनी टक्केवारीपेक्षा मुलांची संख्या सांगणे अधिक प्रामाणिक ठरते: ‘गेल्या वर्षी अकरा मुले राहिली होती, यंदा सात राहिली.’ हे वाक्य दशांश चिन्हाशिवाय समजते आणि त्यातून बदल किती लहान आहे हेही ऐकणाऱ्याला आपोआप कळते.

दुसरे वजन नियमांचे. शाळेत काहीही बदलले नसताना निकाल हलण्याचे सर्वांत मोठे कारण परीक्षेची रचना हे असते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर कोसळला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. दोन वर्षांत मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी उतरून अठरा टक्क्यांनी चढली नव्हती. २०१८–१९ या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा विषयांना शाळेकडून मिळणारे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून घेण्यात आले. भाषेचा पेपर ८० ऐवजी १०० गुणांचा झाला आणि काठावरच्या मुलांच्या पायाखालची फळी गेली. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्याचेही सरासरीने गुण दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५० गुणांचे वजन, दहावीच्या शाळांतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि अंतर्गत गुणांना २०, अशा हिशेबावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. २०२२ मध्ये परीक्षा झाली, पण कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, वाढीव वेळ देऊन आणि शक्यतो मुलांच्या स्वतःच्याच शाळेत. निकाल ९६.९४ टक्के लागला. २०२३ मध्ये नेहमीची पद्धत परतल्यावर तो ९३.८३ झाला.

या सात-आठ वर्षांचा आलेख शाळेच्या भिंतीवर लावला तर तो डोंगररांगेसारखा दिसेल, आणि त्यातली बरीच शिखरे-दऱ्या शाळेच्या नाहीत. शाळेची स्वतःची चाल पाहायची तर राज्याशी किंवा आपल्या विभागीय मंडळाशी असलेले अंतर पाहावे लागते. एखाद्या शाळेचा निकाल २०१८ मध्ये ८८ टक्के आणि २०१९ मध्ये ८० टक्के लागला असेल, तर त्या वर्षीच्या सभेत मुख्याध्यापकांना मान खाली घालून बोलावे लागले असणार. वस्तुतः शाळा आठने उतरली तेव्हा राज्य बारांहून अधिक उतरले होते. आदल्या वर्षी सरासरीच्या खाली असलेली शाळा त्या वर्षी सरासरीच्या वर आली होती. हीच शाळा २०२० मध्ये ९२ टक्क्यांवर गेली असेल तर सभेत टाळ्या पडल्या असतील, आणि तेव्हा ती पुन्हा राज्याच्या मागे पडलेली होती. शाबासकी आणि बोलणी दोन्ही चुकीच्या वर्षी मिळाली.

विषयाचा कल

निकालनिवेदनातला सर्वांत उपयोगी भाग विषयांचा असतो, आणि नेमका तोच सर्वांत वरवर उरकला जातो. ‘गणित ९२ टक्के, इंग्रजी ९३ टक्के, मराठी ९९ टक्के’ एवढे वाचून दाखवले की पालकांना वाटते, सगळेच छान आहे. उदाहरणाच्या शाळेत गणितात गेल्या वर्षी ८२ पैकी ७२ मुले उत्तीर्ण झाली होती, यंदा ७५ पैकी ६९. टक्केवारी ८७.८ वरून ९२ वर गेली. सरासरी गुणही जवळपास तेवढेच आहेत: गेल्या वर्षी १०० पैकी ५४, यंदा ५३.५. यावरून गणित सुधारले किंवा निदान टिकले असे म्हणता येईल.

पण दहावीच्या गणिताचे १०० गुण एका ठिकाणाहून येत नाहीत. बीजगणिताचा भाग एक आणि भूमितीचा भाग दोन असे ४०–४० गुणांचे दोन पेपर मंडळ घेते, आणि गृहपाठ, बहुपर्यायी चाचणी यांवर आधारलेले २० गुण शाळा देते. गुणपत्रकावर विषयाची बेरीज असते. शाळेने मंडळाकडे पाठवलेले अंतर्गत गुण मात्र शाळेच्या दप्तरी राहिलेले असतात. प्रत्येक मुलाच्या बेरजेतून ते वजा केले की लेखीचे गुण हाती येतात. विषयशिक्षकाने बसून एका दुपारी करण्याचे हे काम आहे, आणि निकालाचे विश्लेषण म्हणतात ते खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

उदाहरणाच्या शाळेत ही वजाबाकी केल्यावर चित्र उलटते. गेल्या वर्षी लेखीची सरासरी ८० पैकी ३८ होती आणि अंतर्गत गुणांची २० पैकी १६. यंदा लेखी ३५ वर आली आहे आणि अंतर्गत १८.५ वर गेली आहे. मुलांनी कागदावर तीन गुण गमावले, शाळेने हाताने अडीच गुण भरले, आणि बेरीज जागच्या जागी दिसली.

उत्तीर्ण होण्याची सर्वसाधारण रेषा ३५ गुणांची आहे. ज्या मुलाला अंतर्गत १८ गुण मिळाले आहेत, त्याला लेखीत ८० पैकी १७ गुण पुरतात. शाळेत गणितात उत्तीर्ण झालेल्या ६९ मुलांपैकी १७ मुले ३५ ते ४४ या पट्ट्यात आहेत. त्यांचे अंतर्गत गुण १८च्या आसपास असल्याने त्यांचे लेखी गुण साधारण १७ ते २६ यांच्या मधले निघतात. ८० चे पस्तीस टक्के म्हणजे २८. केवळ लेखीवर मोजले असते तर या सतरांपैकी कोणीही पार झाले नसते. नापास झालेली ६ आणि ही १७ मिळून २३ मुले, म्हणजे वर्गाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, गणिताच्या पेपरपुढे हतबल आहे. ९२ टक्के हा आकडा या मुलांवर पांघरूण घालतो.

इथे एक सावधगिरी लागते. लेखीची सरासरी तीन गुणांनी उतरली ती शिकवण्यामुळे की पेपर अवघड होता म्हणून, हे एका शाळेच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. ते ओळखायचे दोन मार्ग आहेत. पहिला शेजारच्या शाळांचा. तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत चार शाळांनी आपापल्या लेखी सरासरीची देवाणघेवाण केली आणि सगळ्यांची तीन-चार गुणांनी उतरलेली दिसली, तर दोष पेपरचा. दुसरा मार्ग मागच्या वर्षांचा. उदाहरणाच्या शाळेत गणिताची लेखी सरासरी चार वर्षांत ४१, ३९, ३८ आणि ३५ अशी गेली आहे. इंग्रजीची त्याच वर्षांत ३७, ४०, ३६ आणि ३९. इंग्रजी वरखाली झाली आहे, तिला दिशा नाही. यंदा तीन गुणांनी वाढली म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांचा सत्कार करणे जितके घाईचे, तितकेच गेल्या वर्षी चारने उतरली म्हणून त्यांना बोल लावणे घाईचे होते. गणित मात्र दरवर्षी थोडे थोडे उतरत आले आहे, आणि तीन पेपर ओळीने आदल्या वर्षीपेक्षा अवघड निघाले असे सहसा होत नाही. कल म्हणायचा तो याला. दोन वर्षांच्या तुलनेला कल म्हणू नये.

अंतर्गत गुण वाढवून देणे हा शिक्षकाचा लबाडपणाच असतो असेही नाही. काठावरच्या मुलाचे वर्ष वाचावे असे त्याला मनापासून वाटते, आणि सगळ्या शाळा देत असताना आपल्याच मुलांना कमी का द्यावेत, हाही त्याचा प्रश्न योग्य आहे. पण त्या गुणांमुळे शाळेला स्वतःचीच नाडी लागत नाही. म्हणून गुण कसेही दिले तरी विश्लेषण लेखीच्या गुणांवरच करावे.

पालकांच्या हातातल्या गुणपत्रकातही असेच एक पांघरूण आहे. दहावीची टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली जाते. एखाद्या मुलीला मराठीत ८२, हिंदीत ८५, इंग्रजीत ७४, विज्ञानात ८०, सामाजिक शास्त्रांत ७९ आणि गणितात ४१ गुण आहेत. पाच विषयांची बेरीज ४००, टक्केवारी ८०, श्रेणी प्रावीण्याची. गणित तिच्या टक्केवारीत कुठेच नाही. सहाही विषय धरले तर ४४१ गुण, म्हणजे ७३.५ टक्के होतात. घरात पेढे वाटले जातात, ऐंशी टक्के म्हणून विज्ञान शाखेत प्रवेश घेतला जातो, आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणिताचा पेपर समोर येतो तेव्हा घरच्यांना आश्चर्य वाटते. निकालनिवेदनात या मुलीसारखी किती मुले आहेत हे सांगितले, तर नव्या दहावीचे पालक टक्केवारीच्या आधी विषयांच्या रकान्याकडे पाहायला शिकतील.

सात मुले, पंधरा नापास

विषयांच्या यादीतून आणखी एक गोष्ट दिसत नाही. उदाहरणाच्या शाळेत गणितात ६, इंग्रजीत ५, विज्ञानात २, मराठीत १ आणि सामाजिक शास्त्रांत १ असे १५ वेळा ‘अनुत्तीर्ण’ लिहिले गेले आहे. मुले मात्र सातच आहेत. विषयवार यादी वाचली की वाटते, पाच विषयांत अडचण आहे. मुलांच्या नावांनी मांडले की वेगळे दिसते. तीन मुले एकेकाच विषयात राहिली आहेत, दोघे गणितात आणि एक इंग्रजीत. दोघांचे गणित आणि इंग्रजी असे दोन विषय राहिले आहेत. उरलेली दोघे प्रत्येकी चार विषयांत राहिली आहेत, आणि विज्ञान, मराठी, सामाजिक शास्त्रे या विषयांतले सगळे नापास या दोघांचेच आहेत.

म्हणजे शाळेत विज्ञानाचा किंवा मराठीचा प्रश्न नाही. गणिताचा आणि इंग्रजीचा प्रश्न आहे, आणि त्याशिवाय दोन मुलांचा वेगळाच प्रश्न आहे, ज्याचे उत्तर कदाचित हजेरीपटात, कदाचित घरात, कदाचित पाचवी-सहावीपासून वाचन न जमण्यात असेल. मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीत राहिलेल्या मुलाला गणिताच्या जादा तासाला बसवून काही साधत नाही. त्याला शब्दरूप उदाहरण वाचताच येत नसते. ही फोड केली नाही तर शाळा सगळ्यांसाठी सगळ्या विषयांचे जादा तास लावते, आणि ज्यांना गरज नाही तीच मुले नियमाने येतात.

निवेदन कसे असावे

एवढे विश्लेषण हाती असले तरी सभेत ते सगळे ओतणे चूक आहे. दिवसभर काम करून आलेला पालक पाच-सहा आकडे लक्षात ठेवू शकतो. आकडे बोलताना गोल करावेत, लिखित तक्ता सूचनाफलकावर लावावा. नापास झालेल्या मुलांची नावे सभेत कधीही घेऊ नयेत. छोट्या गावात रोल नंबर सांगितला तरी नाव कळते. विषयशिक्षकाकडे बोट दाखवणेही टाळावे, कारण गणिताची चार वर्षांची घसरण आठवीपासूनच्या सगळ्या वर्गांची असते. उदाहरणाच्या शाळेचे निवेदन साधारण असे होऊ शकते:

‘पालकहो, यंदा आपली पंचाहत्तर मुलं परीक्षेला बसली आणि अडुसष्ट पास झाली. गेल्या वर्षी अकरा राहिली होती, यंदा सात. याचा आनंद आहे. पण तुम्हाला दुसरा आकडाही सांगतो. ही मुलं नववीत होती तेव्हा पटावर ब्याण्णव होती. पाच जणांनी दुसरीकडे दाखला नेला. बाकी बारा मुलं दहावीच्या पेपरपर्यंत पोचलीच नाहीत. गेल्या वर्षी अशी चारच होती. तेव्हा यंदा निकाल वाढला असला तरी मुलं जास्त गमावली आहेत, आणि ती जबाबदारी शाळा म्हणून आमची आहे. विषयांचं म्हणाल तर इंग्रजी जिथल्या तिथे आहे. गणित चार वर्षं सारखं उतरतंय. पास झालेल्यांपैकी सतरा मुलं अगदी काठावर आहेत. यंदाच्या दहावीत असं होऊ नये म्हणून ऑगस्टपासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी बीजगणिताचा तास घेणार आहोत, आणि तो फक्त ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. कोणाला गरज आहे हे पहिल्या चाचणीच्या लेखी गुणांवर ठरेल. त्या मुलांच्या पालकांना स्वतंत्र बोलावून सांगू.’

या निवेदनाला तीन मिनिटेही लागत नाहीत. त्यात बढाई नाही आणि रडगाणेही नाही. आकड्यानंतर लगेच काय करणार ते येते, कोणासाठी करणार ते येते, आणि ते कशावरून ठरणार तेही येते. पुढच्या वर्षीच्या सभेत पालक विचारू शकतात की, सकाळचे तास झाले का, आणि लेखीची सरासरी ३५ वरून कुठे गेली. असा प्रश्न विचारता येईल इतके नेमके बोलणे, हीच चांगल्या निवेदनाची परीक्षा आहे.

भाषणाचा शेवटचा भाग राहिलेल्या मुलांसाठी असतो, आणि तो सत्कारानंतर नव्हे तर आधी घ्यायला हवा, कारण त्यातल्या गोष्टींना मुदत असते. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि या दोन्हींचे दिवस निकालानंतर मोजकेच असतात. म्हणून ही माहिती सभेची वाट न पाहता निकालाच्या दिवशीच घरी पोचवावी आणि सभेत फक्त कोणी अर्ज केले ते विचारावे. निकालानंतर लगेचची पुरवणी परीक्षा २०१५ पासून होते; तोवर राहिलेल्या मुलाचे वर्ष बऱ्याचदा जात असे. एक किंवा दोन विषयांत राहिलेल्या मुलाला एटीकेटीच्या सवलतीवर अकरावीत प्रवेश घेता येतो. उदाहरणाच्या शाळेतल्या सातपैकी पाच मुलांना ही सवलत लागू होते. नापास म्हणून घरी बसवलेल्या मुलाच्या पालकांना बऱ्याचदा हे ठाऊकच नसते.

आणि निकालात कुठेच न मोजलेली तीन मुले उरतात, नववीनंतर शाळेतून गळालेली. ती सभेला येणार नाहीत, त्यांचे पालकही येणार नाहीत. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि तो याच शाळेच्या कार्यालयात मिळतो. सभेला आलेल्या पालकांपैकी कोणाच्या तरी गल्लीत ही मुले राहतात. घरी जाताना त्यांच्या दारात थांबून एवढे सांगावे, अशी विनंती मुख्याध्यापकांनी सभा संपण्यापूर्वी करावी.